छत कोरडं असूनही पाँडिंग टेस्ट पास का केली नाही: आमच्या कामावरच्या तक्रारीला उत्तर

«वॉटरप्रूफिंगचं काम ठीक, पण वेळेचा पार खेळखंडोबा. दोन दिवस पाणी भरून ठेवू म्हणाले आणि तीन दिवस ठेवलं. खालच्या फ्लॅटचं छत खडखडीत कोरडं होतं, तरी 'पास नाही' म्हणून सगळं पुन्हा करायला लावलं. पाणी थोडं कमी होणारच ना, वाफ होऊन जातं! टाइल्सवाला बसून राहिला. एवढीच शंका होती तर टाइल्स बसवल्यावर टेस्ट केली असती. दोन स्टार.»

नमस्कार ताई,

टाइल्सचा माणूस अडकून पडला आणि घरातली पुढची सगळी कामं लांबली, याचा तुम्हाला झालेला त्रास खरा आहे. पाँडिंग टेस्ट म्हणजे टाइल्स बसण्याआधी बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगवर पाणी भरून ठेवायचं आणि ते कुठे गळतं का हे बघायचं. खालचं छत कोरडं असूनही त्या दिवशी मी 'पास' म्हटलं नाही ते कशावरून, हे सविस्तर लिहितो. दाराच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या मोजपट्टीवरचे आकडे तुमच्या समोरच घेतले होते, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

पाण्याची वाफ होते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण किती झाली हे अंदाजाने ठरवायचं नसतं, ते मोजता येतं. बाथरूममध्ये पाण्यातच आम्ही एक सरळ बाजूंचं भांडं भरून ठेवलं होतं, ते त्यासाठीच. तीच खोली, तीच हवा, पाणीही तितकंच गार. भांड्यातून पाणी दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही, त्यामुळे त्यातली पातळी जेवढी उतरते तेवढीच वाफ धरायची. खिडकी आणि दार बंद असलेल्या बाथरूममध्ये ही घट दिवसाला साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. तुमच्याकडे ती २ मिलिमीटर होती.

पट्टीवर मात्र पहिल्या २४ तासांत पाणी १४ मिलिमीटर उतरलं. आणि हे मोजणं पाणी भरल्याबरोबर सुरू केलेलं नव्हतं. भरल्यावर पहिले काही तास कोटिंग आणि भिंतीचा पृष्ठभाग थोडं पाणी पितो, पातळी स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून सकाळी भरून पहिली खूण संध्याकाळी केली होती. म्हणजे १४ मधले २ वाफेचे सोडले तर १२ मिलिमीटर पाण्याचा हिशोब लागत नव्हता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तुमची फरशी ३ चौरस मीटरची, म्हणजे एका दिवसात ३६ लिटर पाणी कुठेतरी गेलं होतं. आकडा मिलिमीटरमध्ये बघितला की किरकोळ वाटतो, म्हणून मी नेहमी लिटरमध्ये करून बघतो.

अशा वेळी पहिला संशय कोटिंगवर घ्यायचा नाही, नहाणी ट्रॅपच्या बुचावर घ्यायचा. टेस्टमध्ये पाणी उतरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच असतं. कापड कोंबून वर सिमेंट लिंपलेलं बूच तर हमखास झिरपतं. म्हणून आम्ही स्क्रूने फुगणारं रबरी बूच वापरतो. डक्टमधल्या पाइपचं तपासणीचं झाकण उघडून आत कोरडा कागद ठेवला होता, तो रात्रभर कोरडाच राहिला. म्हणजे बुचावरचा संशय मिटला. नळाच्या लाइनचं प्रेशर कोटिंगच्या आधीच तपासलेलं होतं, शिवाय ती लाइन गळली तर पातळी वाढते, उतरत नाही.

तिसऱ्या दिवसाची गरज इथून निर्माण झाली. दुसऱ्या २४ तासांत पाणी ५ मिलिमीटर उतरलं, भांड्यात २. म्हणजे गळती १२ वरून ३ वर आली होती. मध्ये कोणी वरून पाणी घालू नका, असं मी तुम्हाला आवर्जून सांगितलं ते एवढ्यासाठीच. फरशीला तडा असता तर पाणी कमी होत गेलं तरी शेवटपर्यंत झिरपत राहिलं असतं. पण गळती एका उंचीवर येऊन थांबली, तर भोक त्याच उंचीवर आहे, कारण पाणी त्याच्या खाली गेल्यावर वाट बंद होते. तिसऱ्या दिवशी पट्टीवर २ आणि भांड्यातही २ उतरलं. गळती थांबली होती. दाराशी सुरुवातीला ३० मिलिमीटर पाणी होतं, दुसऱ्या दिवसअखेर ११ राहिलं. त्यामुळे शोधायची जागा ठरली: दाराशी फरशीपासून साधारण ११-१२ मिलिमीटर उंचीवर येणारी पाण्याची पातळी, चारी भिंतींच्या कडेने.

ती सापडली दाराच्या उजव्या कोपऱ्यात. आमचं कोटिंग झाल्यावर ग्रॅनाइटची चौकट बसली, तिचा पाय बसवायला कोपऱ्यात छिन्नी लागली आणि कोटिंगचा टवका उडाला. बोटाच्या नखाएवढाच, पण खालचं प्लास्टर उघडं पडलेलं. चौकटवाल्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांना तिथे छिन्नी लावावीच लागते. पण म्हणूनच टेस्ट चौकट बसल्यानंतर आणि टाइल्स बसण्यापूर्वीच घ्यायची असते.

मग खालचं छत कोरडं कसं? कारण पाणी खाली गेलंच नव्हतं, ते आडवं गेलं. दाराखालून पॅसेजच्या टाइल्सखालच्या मालात शिरलं. पहिल्या दिवशी खाली सगळ्यांनी फक्त बाथरूमखालचं छत पाहिलं. दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये दाराजवळच्या दोन सांध्यांचा रंग गडद झाला होता आणि तिथल्या स्कर्टिंगवर टिश्यू दाबला तर तो ओला होत होता. शिवाय पाणी खाली जायचं असलं तरी स्लॅब लगेच सांगत नाही. काँक्रीटच्या जाडीतून ओल उतरून छताच्या रंगावर दिसायला दोन-तीन दिवस सहज जातात, कधी पाणी सोडून दिल्यावर ती उमटते. छत कोरडं असणं हा चांगला पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. पातळी आणि छत, दोन्ही जुळायला हवेत.

छत बघायचं तेही नुसतं मान वर करून नाही. पाणी भरण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवायचे, नाहीतर जुना डाग कोणता आणि नवा कोणता यावरून खालच्यांशी वाद होतो. मग टॉर्च छताला जवळजवळ समांतर धरायचा. फुगलेला रंग आणि ओलीची कड तिरप्या उजेडात उठून दिसते. पाइप स्लॅबमधून जिथे उतरतात तिथे बोटं फिरवायची, कारण ओल बहुतेक वेळा तिथे आधी येते. डाग दिसलाच तर त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी वेळ लिहायची. काही तासांनी डाग रेघेबाहेर गेला तर तो जिवंत आहे. याच पद्धतीने बाथरूमला लागून असलेल्या खोल्यांच्या भिंती, कपाटामागची जागा आणि उंबऱ्याच्या बाहेरची बाजू बघायची.

पाणी किती वेळ ठेवायचं याचं माझं उत्तर असं: २४ तास हे कमीत कमी, आणि बाथरूमसाठी आम्ही ४८ तास धरतो. आकडे संशयास्पद असतील तर ७२. त्यापुढे ठेवून नवीन काही कळत नाही. तुमच्या घरी २४ तासांत फक्त छत बघून निकाल दिला असता तर तो 'पास' असाच आला असता.

खोलीही महत्त्वाची आहे. ढाळामुळे ट्रॅपशी पाणी जास्त आणि दाराशी कमी असतं, म्हणून मोजायचं सर्वांत उथळ जागी, आणि तिथे सुरुवातीला किमान २५ मिलिमीटर हवं. तुमच्याकडे दाराशी ३० आणि ट्रॅपशी ५५ होतं. याहून कितीतरी जास्त भरायला काही जण सांगतात, ते मी करत नाही. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन, आणि खोली वाढवली की तेही त्याच प्रमाणात वाढतं. पाणी भिंतीवरच्या कोटिंगच्या कडेच्या बरंच खाली राहिलं पाहिजे, नाहीतर ते वरून प्लास्टरमध्ये शिरतं आणि चांगलं कोटिंगही नापास दिसतं. पाणी अडवायला दारात घातलेल्या विटांच्या पाळीलाही आतून कोटिंग लागतं, कारण कोरी वीट पाणी पिते.

टाइल्स बसवल्यावर टेस्ट घेण्याबद्दल. ती घेता येते, पण तिच्यातून कोटिंगबद्दल जवळपास काहीच कळत नाही. पाणी टाइल्सच्या सांध्यांतून खालच्या मालात उतरून तिथेच साठतं, त्यामुळे पातळी कोटिंग फुटलं नसतानाही उतरते. आणि खरंच फुटलेलं असेल तर जागा शोधायला टाइल्स उखडाव्या लागतात. तुमच्या कोपऱ्यातला टवका टाइल्सच्या आत गेला असता तर प्रत्येक अंघोळीचं थोडं पाणी पॅसेजमध्ये गेलं असतं आणि आधी चौकटीशेजारच्या भिंतीचा रंग सुटला असता.

दुरुस्ती म्हणून तो कोपरा घासून, सुकवून, चारी बाजूंनी १०० मिलिमीटर पुढे जाईल अशी जाळीची पट्टी घालून कोटिंगचे दोन हात दिले. कोटिंगच्या डब्यावर जेवढे दिवस थांबायला लिहिलंय तेवढे थांबलो. टाइल्सवाला खरा बसून राहिला तो या दिवसांत. पण कच्च्या कोटिंगवर पाणी भरलं तर ते मऊ पडतं आणि टेस्टनेच काम बिघडतं, म्हणून तिथे घाई करता येत नव्हती. दुसऱ्या वेळी ४८ तासांत पट्टीवर ४ उतरलं आणि भांड्यातही ४. त्यावर मी पासची सही केली.

एक गोष्ट त्या दिवशी तुम्ही घरी नव्हता म्हणून इथे सांगतो. बूच लावलेलं असताना ट्रॅपच्या खालचा सांधा तपासलाच जात नाही, कारण पाणी तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून शेवटी सगळं पाणी एकदम सोडलं तेव्हा आमचा माणूस खालच्या फ्लॅटमध्ये पाइपच्या सांध्याशी टिश्यू धरून उभा होता. सांधा कोरडा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन छतही पाहिलं, तेही कोरडं होतं.

पॅसेजमध्ये शिरलेलं पाणी सुकायला वेळ लागेल. दाराजवळच्या त्या दोन सांध्यांचा रंग बाकीच्यांसारखा होईपर्यंत तिथे पॉलिश किंवा भिंतीला रंग करू नका. आणि टाइल्सवाल्यांना सांगा की बाथरूमच्या फरशीत, तसंच भिंतीच्या खालच्या ३०० मिलिमीटरमध्ये ड्रिल किंवा छिन्नी लावायची वेळ आली तर आधी आम्हाला फोन करावा. कोपऱ्याच्या जाळीच्या पट्टीसाठी लागणारा माल तुमच्याकडे ठेवलेल्या डब्यात शिल्लक आहे.