फ्रिज आधी की कार्ड आधी?

"अनेक कर्जं असतील तर व्याजदर बघत बसू नका. सगळ्यांत लहान कर्ज आधी संपवा, मग त्याहून मोठं. एक हप्ता सुटला की तो पैसा पुढच्या कर्जाला लागतो. व्याजातला फरक किरकोळ असतो, खातं बंद झाल्याचा हुरूप महत्त्वाचा. परदेशात हे संशोधनातून सिद्ध झालंय."

माझ्या मावसभावाने हा मेसेज पुढे पाठवला आणि लगेच फोन केला, "दादा, फ्रिज दोन महिन्यांत संपतो बघ." त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटत होता, म्हणून फोनवर काही बोललो नाही. तिन्ही कर्जांचे कागद घेऊन त्याला रविवारी घरी बोलावलं. त्या दुपारी वहीत केलेला हिशेब इथे देतो. समजायला सोपं जावं म्हणून मूळ आकडे गोल केले आहेत.

फ्रिजचे २४,००० बाकी, बिनव्याजी, महिना २,००० प्रमाणे बारा हप्ते. सोनेतारण ६०,०००, वर्षाला १२ टक्के, दरमहा नुसतं व्याज भरलं तरी चालतं. क्रेडिट कार्डाचे १,००,०००, महिना साडेतीन टक्के. पगारातून तो कर्जांसाठी दरमहा २०,००० काढू शकतो.

आधी दराचंच बघू. "साडेतीनच टक्के ना?" असं तो म्हणाला. सोन्याचे बारा आणि कार्डाचे साडेतीन, म्हणजे कार्ड स्वस्त, असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. पण बारा वर्षाचे आहेत आणि साडेतीन महिन्याचे. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. लाखावर ३,५०० व्याज आणि ६३० जीएसटी, म्हणजे एका महिन्याचे ४,१३०. वर्षाला साडेएकोणपन्नास टक्के झाले. हे वहीत लिहिल्यावर तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

आता मेसेजप्रमाणे चालू. कार्डाला दरमहा फक्त ५,०००, सोन्याला व्याज, उरलेलं सगळं फ्रिजला. दुसऱ्या महिन्यात फ्रिज संपतो, सहाव्यात सोनं सुटतं आणि बाराव्यात कार्ड मिटतं. तिन्ही मिळून व्याज जातं सुमारे ३८,६००.

क्रम उलटा करू. फ्रिजचा ठरलेला हप्ता, सोन्याचं ६०० रुपये व्याज आणि उरलेले १७,४०० कार्डाला. सातव्या महिन्यात कार्ड शून्यावर येतं, अकराव्यात सगळं संपतं आणि व्याज जातं सुमारे २१,९००. पगार तोच, कर्जं तीच, तरी १६,७०० रुपयांचा फरक. दरमहा वीस हजार काढताना घर किती ओढाताणीत चालतं हे ज्याला माहीत आहे, त्याला मी ही रक्कम किरकोळ म्हणणार नाही.

सुटलेल्या हप्त्याचं काय? फ्रिजचे दरमहाचे २,००० मोकळे होतात हे खरं. पण ते मोकळे करायला आपण आपलेच २४,००० आधी भरलेले असतात. बिनव्याजी कर्ज लवकर फेडल्याने एक रुपयाही वाचत नाही, पुढचे हप्ते आज भरले इतकंच. तेच २४,००० कार्डात गेले तर पुढच्या महिन्यापासून व्याज आणि जीएसटी मिळून ९९१ रुपये कमी लागतात. ही खरी बचत.

हुरुपाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. कर्जाने माणूस खचतो आणि एक खातं बंद झालं की त्याला खरंच बळ येतं. माझ्या क्रमात पहिलं खातं सातव्या महिन्यात बंद होतं, तोवर थांबणं सोपं नाही. पण मेसेजच्या क्रमातही मन मोडणारी एक जागा आहे. पहिल्या पाच महिन्यांत कार्डात २५,००० भरून बाकी लाखावरून ९५,२७५ वर येते, म्हणजे पाच हजारही उतरत नाहीत. "एवढं भरलं आणि गेलं कुठे?" हा प्रश्न तिथे पडतो. उलट क्रमात पहिल्याच महिन्यात बाकी ८६,७३० वर येते, पुढच्या महिन्यात ७२,९१२ वर. भावाने हे आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत आणि दर महिन्याला वहिनी एक ओळ खोडते.

संशोधन आहे, हे खरं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की ज्यांची खाती जास्त संख्येने बंद होत गेली, ते कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त होती. पण ते लोक कर्ज तडजोडीने मिटवून देणाऱ्या कंपनीचे ग्राहक होते, म्हणजे नेहमीचे हप्ते ज्यांना झेपतच नव्हते असे. पगारातून नियमित भरणाऱ्याला त्यातून व्याज वाचत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, मोठं कर्ज जास्त व्याजाचं असूनही लोक लहान कर्जांकडेच ओढले जातात आणि त्यात त्यांचं नुकसान होतं, असं दिसलं होतं. मेसेजमध्ये तो अभ्यास नाही.

लहान कर्ज आधी फेडणं कुठे बरोबर ठरतं, तेही सांगतो. दोन कर्जांच्या दरात एखाद-दोन टक्क्यांचाच फरक असेल, तर लहान आधी संपवा, फार काही जात नाही. नोकरी डळमळीत असेल आणि दरमहाची सक्तीची रक्कम कमी करायची असेल, तरीही. आणि लहान कर्ज खाजगी सावकाराचं, शेकडा पाचचं असेल तर तेच सगळ्यांत महाग असतं, कारण तो दर महिन्याचा असतो.

दर लावताना एक गोष्ट हमखास चुकते. गाडीच्या कर्जावर "फ्लॅट १० टक्के" लिहिलेलं असतं. फेडलेल्या मुद्दलावरही ते व्याज चालूच राहतं, त्यामुळे तीन वर्षांच्या कर्जाचा खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ कर्जांसोबत बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचं असतं, त्यात शुल्कासकट वार्षिक दर असतो. क्रम त्या दराने लावायचा. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, तेही त्याच कागदात बघायचं.

भावाच्या बाबतीत दोन धोके होते. एक, कार्डाची बाकी पूर्ण भरलेली नसताना नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, वाणसामान घेतलं तरी त्याच दिवसापासून व्याज चढतं. म्हणून कार्ड वहिनीच्या डब्यात गेलं. दुसरा धोका सोन्याचा. माझ्या क्रमात मुद्दल पहिले सहा महिने तसंच राहतं आणि मधेच मुदत संपली तर लिलावाची नोटीस येऊ शकते. पावती उलटून बघितली, मुदतीला अजून दहा महिने होते. हिशेबात सोनं अकराव्या महिन्यात सुटत होतं, १,९१२ रुपयांसाठी एक महिना उशीर. मग दहाव्या महिन्यात तेवढे जास्तीचे काढायचे असं ठरलं आणि वहिनीने त्या महिन्याच्या ओळीपुढे पेन्सिलीने "पाटल्या" असं लिहिलं.