गच्चीवरचे धान्यकोठार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराची गच्ची दगडी फरशांची आहे. मे महिन्यात दिवसभर लू सोसलेला हा दगड साठवलेली धग रात्री अकरापर्यंत अत्यंत प्रामाणिकपणे परत करीत असतो. दिवस मावळल्यावर ओतलेली पहिली बादली केवळ वाफ होण्याच्या कामी येते आणि नऊच्या सुमारास ओतलेल्या दुसरीने थोडाफार गारवा येतो. तरीही गादीखालून शेक लागतच राहतो, अंगातली उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही आणि मुलांचा डोळा लागत नाही. तोवर घरच्या आणि पुण्याहून आलेल्या भाचरांना आडवे ठेवण्याचे काम माझ्याकडे असते, कारण ती उठून धावली की पुन्हा घामेजतात आणि सगळी उजळणी पहिल्यापासून करावी लागते.

कानगोष्टींचा खेळ शांत असतो, असे तो न खेळलेल्यांना वाटते. ओळीने निजलेल्या मुलांच्या कानांतून 'छत्रीजवळ शिकंजी मिळते' हे माझे साधे वाक्य गेले आणि शेवटच्या गादीवर 'खत्रीमामांना शिंगे फुटली' असे जाहीर झाले. त्यानंतरच्या हास्यकल्लोळाने शेजारच्या तीन गच्च्यांवरचे दिवे लागले.

त्या मानाने आकाश बरे, कारण ते पाहायला उताणेच पडावे लागते. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला खेटून असलेली अंधूक अरुंधती शोधायची. मग शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की तांबूस स्वाती लागते आणि आणखी पुढे चित्रा. मात्र संध्याकाळी आंधी येऊन गेली असेल, तर धुळीत अरुंधती दिसत नाही आणि धाकट्याला ती तरीही दिसते, तीही दोन. या मुद्द्यावर मारामारी होऊ शकते.

शेवटचा उपाय म्हणजे राजाच्या कोठाराची जुनी गोष्ट. भिंतीला भोक पडते, एक चिमणी येते, एक दाणा घेते आणि भुर्र उडते. मग दुसरी येते, एक दाणा घेते आणि भुर्र उडते. या गोष्टीत भूत नाही, राक्षस नाही, पुढे काय होणार याची धाकधूकही नाही. सांगणाऱ्याने आवाज एका पट्टीत ठेवून दर चिमणीगणिक किंचित सावकाश बोलायचे, म्हणजे ऐकणाऱ्याचा श्वासही त्याच चालीवर येतो. 'पुढे काय?' असे विचारले की 'आधी सगळे दाणे संपू देत' हे ठरलेले उत्तर द्यायचे.

परवा पापण्या जड झालेल्या असताना पुण्याच्या भाचीने मध्येच विचारले, "मामा, गोष्टीत आत्ता रात्र आहे ना? मग चिमण्या कशा उडतील?" मी आनंदाने शरण गेलो आणि चिमण्या सकाळपर्यंत घरट्यात झोपल्या, असे जाहीर केले.

"मग रात्री उंदीर आले तर?" धाकट्याने विचारले.

ताबडतोब सभा भरली, भोकावर पहारा बसवण्याचे ठरले, पाळ्या लागल्या आणि पहारेकऱ्याने झोपायचे नसते हा नियम एकमताने मंजूर झाला. बारा ते एकची पाळी माझी होती.