बाकी गुणोत्तर नव्हे

«मामा, माझ्या सेमिनार पेपरचा मुद्दा एवढाच आहे, की आयादी हीसुद्धा एक प्रमाणपद्धतीच आहे, सुवर्ण गुणोत्तरासारखी. तिला अंधश्रद्धा म्हणणं ही वसाहतवादी नजर नाही का?»

पुण्याहून भाचीचा हा निरोप आला तेव्हा मी ओसाकात साइटवर होतो. आयादी म्हणजे वास्तुशास्त्रातला, मापाला भागून उरलेल्या बाकीवरून शुभ-अशुभ ठरवण्याचा हिशोब. चिडलो. तिच्यावर कमी, तिच्या वर्गातल्या वादावर जास्त. अर्धा वर्ग म्हणतो सगळं विज्ञान, अर्धा म्हणतो सगळं थोतांड, आणि आकडेमोड कुणीच करून बघत नाही.

म्हणून तिला मी एक खोली करायला लावली. लांबी 12 हात, रुंदी 8 हात. परिघ 40 हात. आयादीतली योनी, म्हणजे शुभ-अशुभाची खूण, काढताना परिघाला 3 ने गुणायचं आणि 8 ने भागायचं, उरेल ती बाकी. 120 ला आठाने पूर्ण भाग जातो, म्हणजे आठवी योनी, कावळा. अशुभ. बाकी 1, 3, 5, 7 यायला हवी: ध्वज, सिंह, वृषभ, गज. आता गंमत बघ म्हटलं. दोन्ही बाजू पूर्ण हातात असतील तर आयताचा परिघ सम येणारच, आणि समाची बाकीही समच. म्हणजे पूर्ण हातात मापलेली कोणतीही आयताकृती खोली या सूत्राला कधीच मान्य होणार नाही! लांबी 12 अंगुळं, म्हणजे अर्धा हात वाढवली की परिघ 41, तिपटीला 123, बाकी 3. सिंह आला. पण मूळ खोली छान दीडास एक होती, ते गुणोत्तर मोडलं. जे सूत्र गुणोत्तर मोडायला लावतं, त्याला गुणोत्तराचं शास्त्र कसं म्हणायचं?

शिवाय तीच पहिली खोली फुटांत मोजली (हात दीड फुटाचा धरून), तर 18 बाय 12, परिघ 60, बाकी 4, श्वान. भिंत तीच, कावळ्याचा कुत्रा झाला. गुणोत्तर एकक बदललं म्हणून बदलत नसतं. इथे तातामी बघा. क्योमा चटई 955 बाय 1910 मिलिमीटर, एदोमा 880 बाय 1760. मापं वेगळी, पण दोन्हीकडे एकास दोन कायम. याला म्हणतात प्रमाणपद्धती, असं मी तिला जरा ऐटीतच लिहिलं.

तिचं उत्तर तासाभरात आलं: «मग चार चटयांचे कोपरे एका जागी येऊ द्यायचे नाहीत, हे काय आहे? तेही प्रमाणच?»

पोरगी हुशार आहे. आमच्या साइटवरचे म्हातारे सुतार कोपऱ्यांबद्दल विचारलं की म्हणतात, «तसं घालत नाहीत», आणि पुढे काम करतात. इथे ईशान्य म्हणजे किमोन, भुताचं दार. आपल्याकडे तीच देवघराची दिशा. पायाभरणीच्या जिचिन्साईला मी स्वतः, इमारत ऑफिसची असली तरी, हेल्मेट काखेत घेऊन मान खाली घालून उभा राहतो. त्याला मी कधी थोतांड म्हटलेलं नाही. पुण्यात असतो तर म्हटलं असतं.

तिला मी शेवटी सुचवलं ते असं. शास्त्रात खरी प्रमाणं हवी असतील तर उंचीच्या नियमांकडे वळ: रुंदीइतकी, सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट, दुप्पट, शांतिकपासून अद्भुतापर्यंत नावं आहेत त्यांना. तिथे तुलना टिकेल. आयादीला विधीच म्हण, आणि मग विधीने आराखड्याला काय करायला लावलं ते लिही. माझ्या मते तरी अंगुळापर्यंत नेमकं मापण्याची शिस्त या बाकीमुळे आली असावी. तिच्या सरांना हे पटत नाही. ते म्हणतात, आधी माप ठरायचं, बाकी नंतर जुळवली जायची. असेलही. माप भिंतीच्या आतून, बाहेरून की मध्यातून धरायचं, हे ठरवतानाच बाकी जुळवता येते, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

मध्येच भाओजींचा फोन. «ते राहू दे, आमच्या ईशान्येला संडास आहे, जपानात त्याला काय करतात?» म्हटलं, इथेही टाळतात. त्यांना फार बरं वाटलं.

रात्री मी आमची सहा तातामींची खोली मोजली. आमचे गुरुजी यजमानाचा हात धरावा म्हणत. माझा हात, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, 46 सेंटिमीटर. परिघ 29 हात आणि दीड अंगूळ. अंगूळ सोडून दिलं. 87, बाकी 7. गज!

बरं वाटलं, आणि सोडून दिलेल्या दीड अंगुळाची लाजही. भाचीला पाठवलं तर ती म्हणाली, «मामा, घर भाड्याचं आहे ना? मग हात मालकाचा घ्यायला हवा होता.» मालक तळमजल्यावर राहतात, माझ्याहून वीतभर बुटके. वीस वर्षांत त्यांचा हात मी कधी नीट पाहिलेला नाही.