हरयाणाचं उदाहरण वितंडवाद आहे का?

प्रतिक्रिया: “‘भाषा एक, तर राज्य एक’ म्हणणाऱ्यांना तुम्ही ‘मग हरयाणाही उत्तर प्रदेशात घाला’ असं सुनावलंत. माझे वडील १९६७च्या गोव्याच्या जनमत कौलात फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, शिक्का मारणाऱ्यांतले. हरयाणाचं नावही त्यांनी कधी काढलं नव्हतं. समोरच्याला वेड्यात काढायचा हा निव्वळ वितंडवाद!” — एक वाचक, फोंडा

नमस्कार. हरयाणा मीच आणला, आणि या युक्तिवादात तो आणावाच लागतो. समोरच्याचं विधान घटकाभर खरं धरायचं, ते कुठवर नेतं ते बघायचं, आणि जिथे पोचतो ते त्याला स्वतःलाच नामंजूर असेल तर विधानाचा फेरविचार कर म्हणायचं. उदाहरण नवं चालतं, विधान मात्र त्याचंच हवं.

विलीनीकरणाच्या बाजूचा भाषेचा मुद्दा असा होता: कोकणी ही मराठीची बोली, एका भाषेचं एकच राज्य असावं, म्हणून गोवा महाराष्ट्रात जावा. आता जनमत कौल १६ जानेवारी १९६७चा. त्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, १ नोव्हेंबर १९६६ला, भाषेच्याच तत्त्वावर पंजाबचे तुकडे होऊन हिंदी भाषकांचा हरयाणा झाला. यमुनेपलीकडे उत्तर प्रदेश, तोही हिंदी भाषक. तरी ही दोन राज्यं एक करा, असं तुमच्या वडिलांनाही वाटलं नसावं. मला काय विचित्र वाटतं याला इथे किंमत नाही. विसंगती त्यांच्याच दोन मतांत दिसली पाहिजे.

पण एवढ्यावर ‘जिंकलो’ म्हणणं लबाडीचं. विसंगतीमुळे काहीतरी सोडावं लागतं इतकंच कळतं. काय सोडायचं ते समोरचा ठरवतो. ‘हरयाणवी वेगळी भाषा आहे’ असं वडील म्हणू शकले असते. मात्र ज्या मापाने हरयाणवी वेगळी, त्या मापाने कोकणीही वेगळी ठरण्याची पाळी येते, आणि मूळ मुद्द्याचा पहिलाच पाय निखळतो. दुसरी वाट जास्त भक्कम आहे: ‘हरयाणा गोव्याच्या दहापट मोठा, तो आपल्या पायावर उभा राहील, गोव्याएवढ्या प्रदेशाचं तसं नाही.’ याला माझं हरयाणाचं उदाहरण लागू पडत नाही. पण मग वाद भाषेचा उरत नाही, आकाराचा होतो, आणि तो वेगळा लढवावा लागतो. आणि फुलावरचा शिक्का भाषेसाठी नसून भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, धास्तीने, कुळांच्या जमिनीसाठी असेल, तर हरयाणा त्यांच्या वाटेला जातच नाही.

‘वितंडवाद’ म्हणालात, त्यात एक मुद्दा रास्त आहे. या उदाहरणाने दोन पानांची, म्हणजे विलीनीकरणाच्या विरोधातली, बाजू खरी ठरत नाही. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने स्वतंत्र कारणं द्यावीच लागतात, ती न देता नुसतं खोडत बसणारा वितंडवादीच.

वडील यांतली कुठली वाट धरत, ते जरूर लिहा.