धाप म्हणजे डावं, सूज म्हणजे उजवं?

"डावं हार्ट फेल्युअर म्हणजे फुप्फुसं, उजवं म्हणजे बाकीचं शरीर. एल फॉर लंग, आर फॉर रेस्ट. प्रश्नात धाप दिसली की डावं, पायाला सूज दिसली की उजवं. दोन्ही दिलं असेल तर प्रश्नच चुकलाय. एवढं पाठ करा, मार्क कुठं जात नाहीत."

बेळगावात नर्सिंगच्या मुलामुलींची उजळणी घेताना दर वर्षी हे चार ओळींचं ज्ञान कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर निघतंच. पूर्ण खोटं असतं तर एका वाक्यात उडवलं असतं. अडचण अशी की पहिला भाग निम्मा खरा आहे.

हिडकल धरणाचे दरवाजे लावले की पाणी दरवाजाच्या मागं, वरच्या अंगाला चढतं. डाव्या कप्प्याला रक्त पुढं ढकलता येईना की दाब मागं सरकतो: डावं अलिंद, फुप्फुसातल्या शिरा, मग तिथल्या केशवाहिन्या. या वाटेवर दाब रोखून धरणारी झडप एकच, मिट्रल. ती उघडते तेव्हा कप्प्यातला वाढलेला दाब सरळ मागं पोचतो. केशवाहिन्यांतला दाब साधारण २५ मिलीमीटर पाऱ्याच्या वर गेला की पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपू लागतं. उजव्याच्या मागं मात्र मान, यकृत, पोट, पाय. इथपर्यंत एल आणि आर चालतात.

पण दरवाजाच्या खालच्या अंगाला पाणी कमी पडतं, ते त्या ओळीत कुठं आहे? डाव्याकडून रक्त कमी सुटलं की हातपाय गार पडतात, माणूस दोन पावलांत थकतो, लघवी कमी होते. ही लक्षणं "बाकीच्या शरीरा"ची, पण बाजू डावी. थकवा बघून उजव्यावर खूण करणारे मी बरेच पाहिलेत.

आता धापेचं बघू. इथंच जास्त मार्क जातात, म्हणून एक केस सावकाश घेऊ.

खानापूरच्या जंगलपट्टीतल्या एक मावशी, वय ६०. चाळीस वर्षं लाकडाच्या चुलीपुढं बसून स्वयंपाक. खोकला आणि कफ कित्येक वर्षांचा, धाप हळूहळू वाढत गेलेली. दोन महिन्यांपासून पाय सुजतात, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, चप्पल घट्ट होते. छातीत घरघर आहे, पण तळाला बारीक क्रेप्स नाहीत. यकृत तीन बोटं खाली, दाबलं की दुखतं. रात्री एका उशीवर झोपतात. बेडचं डोकं ४५ अंशांवर ठेवून पाहिलं तर मानेतल्या शिरेचा स्तंभ स्टर्नल अँगलच्या ७ सेंटीमीटर वर.

वर्गातल्या निम्म्या हातांनी धाप वाचून "डावं" म्हटलं.

आधी मानेचा हिशेब करा. स्टर्नल अँगल उजव्या अलिंदाच्या साधारण ५ सेंटीमीटर वर धरतात. म्हणजे ७ अधिक ५, एकूण १२ सेंटीमीटर पाणी. पाऱ्यात काढायचं तर १.३६ नं भागा, जवळपास ९ मिलीमीटर. सर्वसाधारण माणसात हा स्तंभ ८ सेंटीमीटर पाण्यापर्यंत असतो. म्हणजे उजव्या अलिंदात दाब चढलाय, यात शंका नाही.

मग धाप कुठून आली? ती हृदयाची नाही, फुप्फुसाची आहे, आणि हृदयाच्या कितीतरी आधीची. फुप्फुसाच्या ज्या भागात ऑक्सिजन कमी, तिथल्या धमन्या आपोआप आकसतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या कायमच्या अरुंद होतात. उजवा कप्पा पातळ भिंतीचा. त्याला साधारण २५ मिलीमीटरपर्यंतच दाब काढायची सवय, डाव्यासारखी १२० ची नाही. त्याच्यापुढं भिंत उभी राहिली की तो आधी जाड होतो, मग फुगतो, मग हरतो. हे कॉर पल्मोनाले. बाजू उजवी. डाव्या अलिंदाचा दाब दाखवणारा वेज प्रेशर इथं नॉर्मल सापडेल.

म्हणून नुसती धाप पकडू नका, धापेची जात विचारा. डाव्याची धाप आडवं झाल्यावर वाढते, कारण पायातलं रक्त छातीकडं परततं. झोप लागून एक-दोन तास झाले की दचकून जाग येते, खिडकीशी जाऊन बसल्यावर थोड्या वेळानं बरं वाटतं. तळाला बारीक क्रेप्स असतात. जुन्या कफाच्या रुग्णालाही रात्री उठून बसावं लागतं, हे कबूल, पण त्याला बहुधा खोकून कफ पडला की मोकळं वाटतं. उशा किती, एवढ्यावर भागत नाही. जाग आल्यावर कशानं बरं वाटलं, तेही विचारा.

पायाच्या सुजेचं थोडक्यात. एखादे काका बीपीसाठी अमलोडिपिन घेतात, घोटे सुजलेत, मानेची शीर सपाट. हे फेल्युअरच नाही, गोळीचा परिणाम आहे. चिकोडीकडचा कन्नड बोलणारा आजोबा "बावु", म्हणजे सूज, म्हणाला तरी बोट पायावर नेण्याआधी नजर मानेवर न्या. आणि रुग्ण महिनाभर अंथरुणाला खिळलेला असेल तर पाय कोरडे, पाणी कंबरेखाली माकडहाडाजवळ. कूस बदलून तिथं दाबून बघितलं नाही, तर तक्त्यात "सूज नाही" असं खोटं लिहिलं जातं.

सुजेला आणखी एक वाट आहे. डाव्याकडून रक्त कमी मिळालं की मूत्रपिंडाला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे. रेनिन सुटतं, मीठ-पाणी अडवलं जातं. म्हणजे सुजेचं मूळ डावीकडंही असू शकतं.

राहिलं "दोन्ही दिलं तर प्रश्न चुकला". उजवं फेल होण्याचं सगळ्यात मोठं कारणच डावं फेल होणं आहे. डाव्याचा दाब फुप्फुसांतून मागं येत येत उजव्याच्या डोक्यावर बसतो. अशा प्रश्नात लक्षणांचा क्रम वाचा. आधी रात्रीची धाप आणि महिन्यांनी सूज, तर सुरुवात डावीकडं. आधी जुना खोकला, मग सूज, क्रेप्स नाहीत, तर उजवीकडं. "मूळ बिघाड कुठं" विचारलंय की "सध्याचं चित्र कोणतं", हे शब्द पेनानं अधोरेखित करा. दोन्हींची उत्तरं वेगळी असतात.

मिट्रल स्टेनोसिसमध्ये तर क्रमच फसवतो. झडप अरुंद, डावा कप्पा स्वतः ठणठणीत, तरी फुप्फुसं तुंबलेली. काही वर्षांनी उजवा कप्पा थकतो आणि फुप्फुसांकडं रक्तच कमी सोडतो. मग रुग्ण म्हणतो, "सिस्टर, आता धाप कमी आहे बघा." त्या दिवशी तक्त्यावर "सुधारणा" लिहायच्या आधी यकृतावर हात ठेवा आणि मानेची शीर परत मोजा.