काचेवरचं वाळलेलं फेविक्विक आधी भिजू द्या

"काचेच्या टेबलावर नाहीतर स्टीलच्या सिंकवर फेविक्विक सांडून वाळलं तर तारेच्या घासणीनं किंवा पॉलिश पेपरनं घासा. नाही निघालं तर रंगाचं थिनर ओता. मागं पांढुरकं राहिलं तर टूथपेस्ट चोळा, काच नव्यासारखी होते. सगळ्यांना पाठवा."

असा मेसेज फिरतोय. परभणीत काच बसवायचं काम करताना हा उपाय करून झालेल्या काचा माझ्याकडे येतात. डाग बहुतेक वेळा गेलेला असतो, पण त्याच्या जागी धुरकट चकंदळ पडलेलं असतं आणि ते पुसून जात नाही.

घासणीची तार काचेपेक्षा मऊ असते, हे खरं. पण आपल्याकडे टेबलावर सदैव धूळ असते, तिच्यातले वाळूचे कण काचेहून कठीण असतात आणि घासणीखाली तेच फिरतात. पॉलिश पेपरला धुळीचीही गरज नाही, त्याची खर, म्हणजे वरचे कठीण बारीक कण, काचेला थेट ओरखडते. असे ओरखडे काढायचे म्हणजे पॉलिश पावडरनं मशीनवर काच घासावी लागते आणि तिथं खोलगट भाग होऊन पलीकडचं वाकडं दिसायला लागतं. टीपॉयची काच असेल तर मी बदलायलाच सांगतो.

थिनरचं म्हणाल तर ऑइल पेंटच्या थिनरनं हा गोंद विरघळत नाही. विरघळवतं ते ॲसिटोन. रंगाच्या दुकानात मिळतं, नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हर घ्या. मात्र बाटलीवर ॲसिटोन लिहिलेलं बघूनच घ्या, कारण बिनॲसिटोनचे रिमूव्हर इथं फारसे कामाचे नाहीत. शिवाय ओतायचं काहीच नाही. ओतलेलं कडेला वाहतं आणि लाकडी चौकटीचं पॉलिश, काचेच्या पाठीमागचा रंग नाहीतर प्लास्टिकची पट्टी खाऊन टाकतं. टेबल काचेचं नसून ॲक्रिलिकचं असेल तर ॲसिटोनचा थेंबही लावू नका, ते कायमचं पांढरं पडतं.

समजा टीपॉयच्या काचेवर रुपयाएवढा जाड थेंब वाळलाय. आधी ओल्या फडक्यानं भोवतीची धूळ टिपून घ्या. गॅस आणि देवघरातला दिवा बंद करा, खिडकी उघडा, कारण ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते. कापसाचा बोळा ॲसिटोननं ओला करून, गळणार नाही इतपत पिळून, नेमका थेंबावर ठेवा आणि वर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा झाका. हे झाकणं फार महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात उघडा बोळा बघता बघता सुकतो आणि मग लोक म्हणतात, ॲसिटोननं काही होत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आइस्क्रीमच्या लाकडी काडीनं कड उचलून बघा. गोंद रबरासारखा लवला तर काडीनं हळूच सरकवा. अजून कडक लागला तर जोर लावू नका, नवा बोळा ठेवा. जाड थेंबाला असे दोन-तीन बोळे लागतात.

पातळ पापुद्रा राहिलाच तर साध्या काचेवर नवं कोरं ब्लेड चालतं, पण काच साबणाच्या पाण्यानं ओली हवी, ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं आणि एकाच दिशेनं पुढं न्यायचं. कोपऱ्यावर टफनचा, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेचा शिक्का असेल तर ब्लेड टाळा. त्या काचेवर भट्टीतले बारीक कण चिकटलेले असू शकतात, ब्लेडखाली ते ओढले जाऊन रेघा पडतात.

मागं राहिलेल्या पांढुरक्यावर टूथपेस्ट चोळण्याआधी ते नेमकं काय आहे ते बघा. बऱ्याचदा तो विरघळून पुन्हा पसरलेला गोंदच असतो. स्वच्छ बोळ्यावर ताजं ॲसिटोन घ्या आणि प्रत्येक पुसण्याला बोळ्याची नवी बाजू वापरा, तो निघतो. त्यानंही गेलं नाही तर थोडं व्हिनेगर लावून बघा. त्यानं गेलं तर ते बोअरच्या जड पाण्याचे क्षार होते. म्हणून शेवटी साबणाच्या पाण्यानं पुसल्यावर काच वाऱ्यावर न सोडता सुती कापडानं लगेच कोरडी करायची. दोन्हींनी हललं नाही तर तो ओरखडा समजा. टूथपेस्टमध्येही खर असते, ती चोळून ओरखडा भरत नाही.

स्टीलला बोळ्याची हीच रीत, फक्त ब्लेड नको. मॅट स्टीलवर बारीक रेघा एका दिशेनं असतात, पुसायचं त्याच दिशेनं, आडवं पुसलं की ठिगळ दिसतं. साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे कण स्टीलमध्ये रुतून पुढं गंजाचे ठिपके उमटतात. संडासच्या ॲसिडनं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. रंगीत किंवा बोटांचे ठसे न उमटणाऱ्या स्टीलवर, म्हणजे काही फ्रीजच्या दारांवर असतं तसं, वरून थर दिलेला असतो. तिथं ॲसिटोन आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून बघा. चकाकी उतरली तर तिथंच थांबा आणि साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं डागावर ठेवा. कोमट पाणी हळू काम करतं, फडकं सुकेल तसं पुन्हा भिजवावं लागतं, पण थराला धक्का लागत नाही.