72 महिने झाले म्हणून रेकॉर्ड उडवता येत नाही: व्हायरल सल्ल्याला उत्तर

> "जीएसटीचं रेकॉर्ड 72 महिने ठेवायचं, मग सिस्टिमनं आपोआप उडवायचं. लेखी पॉलिसी असली की कुणी बोट दाखवू शकत नाही. केस असेल तर वकील सांगतोच, तेव्हा ती फाइल बाजूला काढायची. रोज रात्री प्रत्येक रेकॉर्डवर होल्ड आहे का बघत बसलं तर जॉब संपणारच नाही. चुकून काही गेलं तर बॅकअप आहे. उलट जास्त ठेवलं तर नव्या डेटा कायद्यात अडकाल."

हा मजकूर कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांपासून उद्यमनगरातल्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडे फिरतोय. मी याच कारखान्यांसाठी स्टोअर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे तो वाचून लोक काय करायला निघालेत तेही कानावर येतं. एकेक मुद्दा घेतो.

72 महिन्यांचा आकडा बरोबर आहे, पण तो अर्धाच नियम आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार ही मुदत त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून मोजायची. त्याच कलमाला एक परंतुक जोडलेलं आहे. तुमचं अपील, पुनरीक्षण किंवा दुसरी कार्यवाही अपिलीय अधिकारी, न्यायाधिकरण किंवा न्यायालयापुढे चालू असेल, किंवा गुन्ह्याचा तपास चालू असेल, तर त्या विषयाशी संबंधित हिशेब अंतिम निकालानंतर एक वर्ष ठेवायचे. ही तारीख आणि 72 महिन्यांची तारीख यांतली जी नंतर येईल ती धरायची.

हा अपवाद क्वचितच लागू होत असेल असं वाटतं, पण तारखा मांडून बघा. 2017-18 चं वार्षिक विवरणपत्र भरायची मुदत वाढत वाढत फेब्रुवारी 2020 पर्यंत गेली. फसवणुकीचा किंवा माहिती दडवल्याचा आरोप असेल तर कलम 74 खाली आदेश काढायला खात्याला तिथून पाच वर्षं होती, म्हणजे फेब्रुवारी 2025 पर्यंत. आदेशानंतर अपिलाला तीन महिने. त्या पुढची पायरी असलेलं जीएसटी अपिलीय न्यायाधिकरण औपचारिकपणे सुरू झालं ते सप्टेंबर 2025 मध्ये. आणि 72 महिने भरतात फेब्रुवारी 2026 मध्ये. म्हणजे ज्यांच्यावर शेवटच्या टप्प्यात आदेश झाला, त्यांचं अपील ऐन रंगात असतानाच, रात्री रेकॉर्ड उडवणाऱ्या जॉबच्या दृष्टीनं मुदत संपते. वाद असलेल्यांसाठी हा अपवाद राहत नाही, तोच नेहमीचा क्रम ठरतो.

लेखी पॉलिसी चांगली गोष्ट आहे. वाद नसलेलं रेकॉर्ड तुम्ही ठरल्या वेळी काढून टाकलं एवढं ती दाखवते. पण इनपुट टॅक्स क्रेडिटचा वाद असेल तर कलम 155 नुसार क्रेडिटचा हक्क सिद्ध करायचा भार तुमच्यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कर्नाटकच्या जुन्या व्हॅट कायद्याखालच्या इकॉम गिल कॉफी प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नुसतं बिल आणि चेकनं दिलेले पैसे दाखवून भागत नाही. माल आणणाऱ्या गाडीचा तपशील, भाडं दिल्याचा पुरावा, माल मिळाल्याची पोच अशा गोष्टींनी माल खरंच आला हे दाखवायला लागतं. हा कागद गेला तर समोरच्याला काही करायची गरजच उरत नाही. शिवाय नोटीस हातात असताना, पुरावा पुढे येऊ नये या हेतूनं कुणी इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली तो गुन्हा आहे. तिथे हेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरं. पण नोटीस आल्यानंतरही होल्ड, म्हणजे हे रेकॉर्ड उडवू नये अशी नोंद, न बघता जॉब चालूच ठेवला, तर हेतू नव्हता हे पटवून देत बसायची वेळ का आणायची?

वकिलाच्या भरवशावर राहण्याचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. नोटीस येते पोर्टलवर किंवा सीएच्या मेलवर. वकील बहुतेक वेळा आदेश झाल्यावर येतो. जॉब चालवणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्यातही परंतुकाचे शब्द अपील आणि तपासापुरते आहेत. कलम 65 खालच्या खात्याच्या ऑडिटचा त्यात उल्लेख नाही, आणि डीआरसी-01 ची कारणे दाखवा नोटीस म्हणजे अजून अपील नव्हे. म्हणून कारखान्यानं स्वतःचा नियम करायचा की ऑडिटची नोटीस, कारणे दाखवा किंवा ऑडिटरची लेखी शंका आली त्याच दिवशी होल्डची नोंद होईल. ती नोंद करायचा अधिकार अकाउंट्सच्या एका ठरावीक माणसाकडे असावा.

आणि "ती फाइल" म्हणजे नेमकी कोणती? एक उदाहरण घेऊ. समजा एका फाउंड्रीनं 24 मार्च 2018 ला भंगाराचा एक ट्रक घेतला. पुढे पुरवठादाराची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली आणि खात्यानं क्रेडिट नाकारलं. नोटिशीत पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक आहे. अकाउंट्सनं बिलावर होल्ड लावला आणि काम झालं असं समजलं. पण माल आल्याचा पुरावा वजनकाट्याच्या पावतीत आहे, आणि त्या टेबलात ना जीएसटी क्रमांक आहे ना बिल क्रमांक. तिथे आहे गाडीचा नंबर आणि गेट एन्ट्रीचा क्रमांक. बिलावरून जीआरएन म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद, जीआरएनवरून गेट एन्ट्री, गेट एन्ट्रीवरून काटा पावती आणि बिल्टी, अशी साखळी धरून गेलं तरच पावती सापडते. नाहीतर बिल राहतं आणि पावती जाते, म्हणजे ज्याला फारशी किंमत नाही तेच हातात उरतं.

वर्षाचाही घोळ आहेच. मार्चच्या या बिलाचे पैसे जुलै 2018 मध्ये दिले, आणि वजनात घट आली म्हणून एप्रिलमध्ये डेबिट नोट काढली. दोन्ही 2018-19 च्या हिशेबात बसतात. होल्ड "वर्ष 2017-18" एवढाच लावला तर ही कागदपत्रं त्याच्या बाहेर राहतात आणि 2018-19 ची मुदत 31 डिसेंबर 2026 ला भरली की निघून जातात. त्यामुळे होल्ड लावताना तारखेचा पट्टा न देता साखळीतल्या प्रत्येक रेकॉर्डचा आयडी नोंदवायचा, आणि त्या प्रकरणात नवी नोंद जोडली गेली की यादी पुन्हा काढायची.

आता जॉबवर पडणाऱ्या भाराचं बघू. होल्डची यादी मूळ डेटाच्या मानानं अगदी लहान असते, आणि इंडेक्स योग्य कॉलमवर असेल तर तपासणी जाणवतही नाही. खरी अडचण वेळेची आहे. बरेच जण संध्याकाळी उडवायच्या रेकॉर्डची यादी काढतात आणि पहाटे उडवतात. मधल्या वेळात लागलेला होल्ड त्या यादीला माहीतच नसतो. म्हणून तपासणी डिलीटच्याच वाक्यात हवी, आणि तिच्यामागे डेटाबेसचा स्वतःचा अडसर हवा. पोस्टग्रेसमध्ये तो असा दिसतो:

```sql
CREATE TABLE hold_item (
  weighslip_id bigint NOT NULL
    REFERENCES weighslip(id) ON DELETE RESTRICT,
  hold_id bigint NOT NULL REFERENCES hold(id),
  PRIMARY KEY (weighslip_id, hold_id)
);

DELETE FROM weighslip w
WHERE w.expires_on < CURRENT_DATE
  AND NOT EXISTS (SELECT 1 FROM hold_item h
                  WHERE h.weighslip_id = w.id);
```

`NOT EXISTS` मुळे होल्ड असलेल्या पावत्या गाळल्या जातात. डिलीट सुरू झाल्यावर, पण ते त्या पावतीपर्यंत पोचण्याआधी कुणी होल्ड लावलाच तर `RESTRICT` ते डिलीट नाकारतं, ती तुकडी मागे फिरते आणि पुढच्या फेरीत तेवढी पावती वगळली जाते. म्हणून पाचशे-हजारच्या छोट्या तुकड्यांत उडवायचं. कुणी हातानं `DELETE` चालवलं तरी हाच अडसर आड येतो. गेट एन्ट्री, बिल्टी अशा प्रत्येक प्रकारासाठी असं टेबल करावं लागतं, आणि ते काम टाळू नये.

या अडसराबाबत दोन अडचणी येतात. एक म्हणजे मूळ टेबलावरचं `ON DELETE CASCADE`. गेट एन्ट्रीवर होल्ड नसेल आणि तिच्यासोबत पावत्या जात असतील, तर होल्ड गेट एन्ट्रीवरही लावावा लागतो, नाहीतर रोज रात्री ती तुकडी अडकत राहते. दुसरी म्हणजे वर्षवार पार्टिशन. डेटा वर्षानुसार तोडून जुनं वर्ष एका फटक्यात टाकून देणं जलद असतं, पण त्या आज्ञेत एकेका ओळीवरचा होल्ड तपासला जाईलच असं धरता येत नाही. तिथे आधी होल्डवरच्या ओळी दुसऱ्या टेबलात हलवायच्या, मोजायच्या, मगच पार्टिशन टाकायचं.

होल्डची यादी दुसऱ्या सिस्टिममधून येत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. यादी मिळाली नाही आणि यादी रिकामी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडणी तुटल्यावर कोड रिकामी यादी परत देत असेल तर त्या रात्री सगळं मोकळं होतं. यादी मिळाली नाही, किंवा काल भरलेली यादी आज शून्यावर आली, तर जॉबनं काहीही न उडवता थांबायचं. हे चालतं की नाही कळायला एक सोपी युक्ती आहे. मुदत संपलेली एक खोटी पावती कायम होल्डवर ठेवायची आणि रोज जॉबनंतर ती जागेवर आहे का बघायचं. रोजच्या अहवालात पात्र, उडवलेल्या आणि होल्डमुळे वगळलेल्या रेकॉर्डची संख्या यावी, वगळलेल्यापुढे होल्डचा क्रमांक यावा. पात्रमधून बाकीचे दोन आकडे वजा करून काही उरलं तर सकाळी कुणीतरी त्याचं कारण शोधायला हवं.

बॅकअपबद्दल थोडक्यात. बॅकअप फिरते असतात, महिना-दोन महिन्यांत जुना पुसून नवा येतो. पावती गेल्याचं कळतं ते सुनावणीच्या वेळी, म्हणजे बऱ्याचदा वर्षांनंतर. आणि बॅकअप परत चढवला तर होल्डची यादीही त्या जुन्या दिवसाची येते. त्यानंतर लागलेले होल्ड पुन्हा नोंदवल्याशिवाय जॉब चालू केला की उरलेलंही जातं.

डेटा कायद्याचा धाक मात्र चुकीच्या जागी दाखवलाय. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 8(7) उद्देश संपल्यावर वैयक्तिक डेटा पुसायला सांगतं, पण दुसऱ्या कायद्यानुसार ठेवणं आवश्यक असेल तर सूट देतं. या मुद्द्यात तथ्य आहे ते एवढंच की होल्डच्या नावाखाली सगळं कायमचं साठवू नये. वादातल्या पुरवठादाराची साखळी धरा, ड्रायव्हरांच्या लायसन्सच्या सगळ्या प्रती नकोत.

म्हणूनच होल्ड उठवणंही नीट व्हायला हवं. एकाच काटा पावतीवर अपिलाचा एक आणि ऑडिटचा दुसरा असे दोन होल्ड असू शकतात. रेकॉर्डवर नुसती हो-नाहीची खूण असेल तर ऑडिट संपल्यावर ती पुसली जाते आणि अपिलाचा होल्डही त्यासोबत जातो. वरच्या टेबलात प्रत्येक होल्डची ओळ वेगळी आहे ती यासाठी. उठवलेली ओळ इतिहासाच्या टेबलात हलवायची, कुणी आणि कोणत्या आदेशावरून उठवली हे लिहून. निकाल लागला त्या दिवशी उठवायची नाही. समजा अंतिम निकाल 10 ऑक्टोबर 2027 ला लागला, तर होल्ड 10 ऑक्टोबर 2028 पर्यंत राहतो. आणि त्या निकालावर पुढे अपील करायची मुदत अजून चालू असेल तर तो निकाल अंतिम धरायचा की नाही, हे वकिलाकडून लेखी घ्यायचं.